बोअर बंद, बंदच राहू द्या: रात्रीच्या एका सूचनेची गोष्ट

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमचा एक ग्राहक आहे. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. काचबिंदूने त्यांची नजर तिशीतच गेली. साडेचार एकर ऊस, थोडा हरभरा, एक विहीर आणि एक बोअर. दारं धरायला पुतण्या जातो. मोटारीचं काम मात्र अण्णांकडे असतं, कारण रात्रीची लाईट कधी येते आणि कधी जाते यावर जागं राहणारा घरात एकच माणूस आहे. ते शेडखाली बाजेवर बसतात, फोन छातीवर ठेवतात आणि फोन जे बोलेल त्यावर मोटार चालू किंवा बंद करतात.

आमची कंपनी शेतीपंपाचा मोबाईल स्टार्टर बनवते. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं. तीन फेजचं व्होल्टेज आणि मोटारीचा करंट मोजून ती पेटी फोनवर सूचना पाठवते. सूचनांचा मजकूर लिहिणं माझं काम. म्हणजे पुढे जे घडलं ते माझ्या लिहिण्यामुळे घडलं.

जानेवारीतली रात्र. बोअरची मोटार ड्राय रनवर बंद पडली. बोअरमधलं पाणी खाली गेलं की पंप हवा ओढायला लागतो, मोटारीवरचा भार उतरतो आणि करंट एकदम पडतो. अण्णांची मोटार पाच हॉर्सपॉवरची आहे, ती नेहमी आठ अँपिअरच्या आसपास करंट घेते. त्या रात्री करंट 2.1 वर आला, पेटीने मोटार तोडली आणि सूचना पाठवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या अर्ध्या तासात अण्णांनी तीच मोटार ॲपमधून तीन वेळा चालू केली. दरवेळी ती अर्धा-पाऊण मिनिट कोरडी फिरली आणि पुन्हा तुटली. सबमर्सिबल पंपाचे बुश पाण्यानेच थंड होतात आणि पाण्यानेच वंगण मिळवतात. दोन दिवसांनी पंप वर काढावा लागला, बुश घासले होते.

पुतण्याने फोन करून तक्रार केली तेव्हा आमच्या ऑफिसात पहिलं वाक्य आलं, "सूचनेत तर स्पष्ट लिहिलं होतं." आणि खरंच लिहिलं होतं. ही पाहा ती सूचना, जशीच्या तशी:

```
MOTOR CONTROL ALERT
⚠️⚠️ DRY_RUN मो.2 R:412 Y:408 B:415 I:2.1A दि.12/01 23:47 मोटार पुन्हा चालू करू नये.
```

डोळ्याने वाचणारा माणूस इथे ओळीच्या शेवटावर उडी मारतो. दोन त्रिकोण दिसले, शेवटी 'करू नये' दिसलं, काम झालं. कानाला उडी मारता येत नाही. कान रांगेत उभा असतो.

मी औशाला गेले आणि अण्णांच्या बाजेशेजारी बसून त्याच सूचना पुन्हा त्यांच्या फोनवर पाठवल्या. दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड केला. अँड्रॉइड फोनात टॉकबॅक नावाचं स्क्रीन रीडर असतं. ते पडद्यावरचं बोलून दाखवतं, आणि नवीन सूचना आली की ती आली त्याच क्षणी एकदा वाचतं. एकदाच. पुन्हा ऐकायची तर बोट उजवीकडे आणि लगेच खाली ओढून सूचनांची यादी उघडायची, मग एकेका सूचनेवर जायचं. रात्री पावणेबाराला थंडीत घोंगडीतून हात काढून हे कोणी फार वेळा करत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये आलं ते साधारण असं: "मोटर कंट्रोल अलर्ट. चेतावनी. चेतावनी. ड्राय अंडरस्कोर रन. मो. दो. आर चार सौ बारह. वाय चार सौ आठ. बी चार सौ पंद्रह. आय दो दशमलव एक ए. दि. बारह एक..." आणि मग तारीख, वेळ. मोटारीबद्दलचं वाक्य सुरू व्हायला सतरा सेकंद लागले. मी घड्याळ लावून मोजले.

"त्या रात्री तुम्हाला काय ऐकू आलं, अण्णा?"

"आकडे बोलू लागली, ते मला कायला पाहिजेत? मग म्हणाली, मोटार पुन्हा चालू करू. मी म्हणलो, कर की बाई. ती करंना गेली म्हणून मीच दाबलो."

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि लक्षात आलं. सतरा सेकंद ऐकून कंटाळलेला माणूस फोन उघडायला पडद्यावर बोट ठेवतो. बोट टेकलं की टॉकबॅक चालू असलेलं वाक्य तिथेच सोडतं आणि बोटाखाली जे आहे ते वाचायला लागतं. अण्णांचं बोट 'करू' आणि 'नये' यांच्या मध्ये टेकलं होतं. 'मोटार पुन्हा चालू करू नये' या वाक्यातून 'नये' गेलं, आणि उरलं ते अगदी बरोबर, व्याकरणशुद्ध, उलट अर्थाचं वाक्य.

हे मराठीचं स्वतःचं दुखणं आहे आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे. आपला नकार वाक्याच्या शेपटीला बसतो. झाली नाही, करू नका, येणार नाही, जमा झालेले नाहीत. शेपूट तुटलं की होकार उरतो. कागदावर शेपूट तुटत नाही, म्हणून आपल्याला याची सवय नाही. बोललेल्या सूचनेत ते रोज तुटतं: बोट लागतं, फोन वाजतो, कुत्रं भुंकतं, शेजारून ट्रॅक्टर जातो. इंग्रजीत लिहिलेल्या सूचनांसाठी जो सल्ला असतो की महत्त्वाचं आधी लिहा, तो मी आधीही वाचला होता. पण मराठीत नुसतं महत्त्वाचं आधी आणून भागत नाही. वाक्य कुठेही तोडलं तरी उरलेला तुकडा खोटा बोलता कामा नये, हे बघावं लागतं.

ऑफिसात परतल्यावर मी आमच्या सगळ्या एकेचाळीस सूचना छापून काढल्या आणि प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दाच्या आधी पेनाने तोडलं. नऊ सूचना उलट्या झाल्या. त्यातली सगळ्यात वाईट होती 'मोटार चालू झाली नाही'. ती आम्ही स्टार्टरने मोटार उचलली नाही की पाठवत होतो. तोडली की 'मोटार चालू झाली'. पाणी ऊसात चाललंय असं समजून माणूस निवांत झोपणार.

मग लिहायला बसले. पहिला प्रयत्न हुशारीचा होता:

```
बंद: मोटार क्र. 2. ड्राय रन. पुन्हा चालू करू नका.
```

अण्णांना ऐकवलं. त्यांनी विचारलं, "कोण बंद?" बरोबर आहे, माणूस असं बोलत नाही. आधी कोण, मग काय झालं. 'क्र.' हा शब्द तर त्यांच्या फोनने 'क्र' असा तोंडात खडा असल्यासारखा उच्चारला. आणि शेवटी पुन्हा तेच, 'पुन्हा चालू करू', तुटलं. मी नियम स्वतः शोधला होता आणि पहिल्याच वाक्यात मोडला होता.

'करू नका'ला पर्याय शोधायला मला खरोखर दोन दिवस लागले. मनाई ही नकाराशिवाय कशी सांगायची? उत्तर घरातच मिळालं. आई गॅसवरच्या दुधाबद्दल फोनवर मावशीला सांगत होती, "झाकलेलंच राहू दे." उघडू नको असं ती म्हणाली नव्हती. जे आहे ते तसंच ठेवायला सांगितलं की नकार लागत नाही. 'बंदच राहू द्या.' हे वाक्य कुठेही तोडा. 'बंदच' उरलं तरी खरं, 'बंदच राहू' उरलं तरी खरं.

ड्राय रन या शब्दाचं काय करायचं, हे पुतण्यानं सोडवलं. गावात कोणी ड्राय रन म्हणत नाही, बोअर उपसला म्हणतात. म्हणून दुसरा मजकूर असा झाला:

```
बोअर बंद. बोअर उपसला. बंदच राहू द्या.
```

हे बोलायला चार सेकंद लागतात. व्होल्टेज, करंट, तारीख सगळं ॲपच्या आतल्या पानावर गेलं. मेकॅनिकला ते लागतं, तो येऊन बघेल. आमच्या एका सहकाऱ्याला दोनदा 'बोअर' खटकलं, तो म्हणाला दुसरा काढ, वाक्य सुटसुटीत होईल. कागदावर होईलही. पण सूचना आली की फोन टिंग वाजवतो आणि टॉकबॅक त्याच वेळी बोलायला लागतं. पहिला शब्द त्या आवाजाखाली बुडतो. अण्णांकडे मोटारी दोन आहेत, आणि 'टिंग... बंद' ऐकून कोणती बंद ते कळत नाही. दुसरा 'बोअर' हा बुडालेल्या पहिल्याची भरपाई आहे. शिवाय आम्ही सूचनेचा आवाजही बदलला, अर्ध्या सेकंदाहून छोटा ठेवला. इथे एक अडचण आहे. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक सूचना एका चॅनलमध्ये बसते आणि चॅनल एकदा तयार झाला की त्याचा आवाज ॲपला बदलता येत नाही, फक्त फोनचा मालक बदलू शकतो. जुना लांबलचक आवाज घालवायला आम्हाला नवीन नावाचा चॅनल काढावा लागला.

आता आवाजाच्या भाषेबद्दल. रेकॉर्डिंगमध्ये 'चार सौ बारह' आलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. अण्णांचा फोन हिंदी आवाजात बोलतो. मोबाईलच्या दुकानात ज्याने टॉकबॅक चालू करून दिलं त्याने हिंदी ठेवलं, आणि आता सात वर्षांची सवय झाली आहे. गुगलच्या इंजिनात मराठी आवाज आहे. मी तो उतरवून लावून दिला. अण्णांनी दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाले, "चांगलाय, पण माझी बाई परत आण." ते तिला अडीचपट वेगाने ऐकतात. ओळखीच्या आवाजाला तेवढा वेग पेलतो, नव्याला पेलत नाही. ग्राहकाने आवाज बदलावा ही अपेक्षा मी तिथेच सोडली.

हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे समोरचा मजकूर मराठी आहे हे त्या हिंदी आवाजाला अक्षरांवरून कळत नाही. तो मराठी हिंदीसारखं वाचतो. बहुतेक शब्द निभतात. आकडे निभत नाहीत असं नाही, पण 412 चं 'चार सौ बारह' होतं, आणि 'मोटार दो' ऐकून माणूस क्षणभर अडखळतो. 'दोन' असं अक्षरात लिहिलं तर दोन्ही आवाज 'दोन'च म्हणतात. सगळ्यात जास्त त्रास झाला तो आपल्या बोलीतल्या शेवटच्या अनुस्वाराचा. 'पाणी संपलं' मधलं 'संपलं' त्यांच्या फोनने 'संपलम्' आणि 'संपलन्' यांच्या मधलं काहीतरी म्हटलं. अडीचपट वेगात ते 'संपर्क'सारखं लागलं. तेव्हा आम्ही ठरवलं, बोलायच्या मजकुरात शेवटी अनुस्वार येणारी क्रियापदं टाळायची. 'संपले', 'आले', 'सुरू झाले'. मी आयुष्यभर पुस्तकी मराठीला नाक मुरडत आले, आणि इथे तीच जास्त स्वच्छ ऐकू येते. दैवाची थट्टा.

संक्षेप सगळे काढले: रु., दि., मो., क्र., ता. पूर्णविराम दिसला की आवाज थांबतो, मग 'दि' म्हणून थांबलेला आवाज पुढे काय सांगणार याची ऐकणारा वाट बघत बसतो. इमोजी काढले. त्यांना नावं असतात आणि ती नावं वाचली जातात, दोन त्रिकोण म्हणजे दोनदा 'चेतावनी'. मार्केटिंगवाल्यांना लाल त्रिकोण हवाच होता. तो छोट्या चिन्हात दिला, मजकुरात नाही.

मजकूर झाला. आता तो फोनपर्यंत कसा जातो ते. अँड्रॉइडमध्ये सूचनेला शीर्षक आणि मजकूर असतो, आणि त्याशिवाय टिकर नावाची एक ओळ असते. पूर्वी ती पडद्याच्या वरच्या पट्टीत सरकत जायची. अँड्रॉइड 5 पासून ती दिसत नाही, पण स्क्रीन रीडरसारख्या सेवांकडे मात्र जाते. आमच्या ॲपमध्ये ती कोणीतरी केव्हातरी ॲपचं नाव टाकून सोडून दिली होती. तीच ओळ आम्ही ऐकण्यासाठी वापरली. डोळ्यांसाठी एक मजकूर आणि कानांसाठी दुसरा असं फार करू नये असं माझं मत आहे, कारण पुतण्या बघून एक सांगतो आणि अण्णा ऐकून दुसरं. म्हणून दोन्हीकडे तेच शब्द ठेवले, फक्त शीर्षक आणि मजकूर टिकरमध्ये एका श्वासात जोडले.

इथपर्यंत आलो तेव्हा आम्हाला वाटलं काम संपलं. फेब्रुवारीत अण्णांचा फोन आला. रात्री एक फेज गेला, विहिरीची मोटार पेटीने बंद केली, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. सकाळपर्यंत पुतण्या कोरड्या सरीत टॉर्च घेऊन उभा.

चूक आमच्या दुसऱ्या दुरुस्तीत होती. जुन्या ॲपमध्ये मोटार चालू असताना दर पाच मिनिटांनी 'मोटार चालू आहे' अशी नवी सूचना यायची. डोळस माणूस ती बाजूला सारतो. अण्णांना ती रात्रभर ऐकावी लागायची, आणि खरी सूचना त्या गर्दीत यायची. आम्ही ते थांबवलं. चालू असल्याची एकच सूचना ठेवली, तिला एकच क्रमांक दिला, दर पाच मिनिटांनी तीच आतल्या आत बदलायची, आणि `setOnlyAlertOnce(true)` लावलं. त्याचा अर्थ, सूचना आधीपासून यादीत असेल तर बदल गुपचूप करायचा. आवाज नाही, टॉकबॅकचं बोलणंही नाही. चालू स्थितीसाठी हे उत्तम. पण ज्याने कोड लिहिला त्याने मोटार बंद पडल्याची सूचनाही त्याच क्रमांकावर पाठवली. म्हणजे 'विहीर चालू' चं 'विहीर बंद' झालं, पडद्यावर बरोबर दिसलं, आणि फोन गप्प बसला.

हे ऑफिसात पकडलं का गेलं नाही? कारण आम्ही दर वेळी यादी साफ करून चाचणी घेत होतो. साफ यादीवर पहिली सूचना बोलतेच. आता आम्ही चाचणी नेहमी भरलेल्या यादीवर घेतो: आधी चालू, मग पाच मिनिटांचे दोन बदल, मग बिघाड, आणि मग त्याच मोटारीचा दुसरा बिघाड. त्या शेवटच्या पायरीवर आणखी एक भोक सापडलं. एकाच बिघाड-क्रमांकावर दुसरा बिघाड आला तरी तो बोलला गेला पाहिजे, म्हणून बिघाडाच्या सूचनेला ते `setOnlyAlertOnce` अजिबात लावायचं नाही. शेवटचा कोड, कामापुरता:

```kotlin
val bol = "$nav बंद. $nav, पाणी संपले. बंदच राहू द्या."

val suchana = NotificationCompat.Builder(this, "bighad_2")
    .setSmallIcon(R.drawable.ic_bighad)
    .setContentTitle("$nav बंद")
    .setContentText("$nav, पाणी संपले. बंदच राहू द्या.")
    .setTicker(bol)
    .build()

manager.cancel(CHALU_ID)
manager.notify(BIGHAD_ID, suchana)
```

'बोअर उपसला' जाऊन 'पाणी संपले' कुठून आलं, ते अण्णांच्याच एका मागणीमुळे. त्यांना मोटारींना स्वतः नावं द्यायची होती. विहीर त्यांच्या आजीने खणून घेतलेली, म्हणून तिचं नाव 'आजीची विहीर'. आम्ही नाव देण्याची सोय केली आणि पहिल्याच दिवशी फोन म्हणाला, "आजीची विहीर बंद. आजीची विहीर उपसला." अण्णा इतके हसले की खोकला लागला. नाव ग्राहकाचं आणि क्रियापद आमचं, मग लिंग जुळणार कसं? विहीर ती, बोअर तो, आणि उद्या कोणी 'तळं' लिहिलं तर ते.

प्रत्येक नावाला लिंग विचारणारा रकाना टाकायचा की काय, यावर एक पूर्ण दुपार गेली. शेवटी क्रियापद नावाशी जोडायचंच नाही असं ठरलं. 'बंद' आणि 'चालू' हे शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, ही मोठीच सोय. उरलेल्या वाक्यात कर्ता आमचा ठेवायचा: पाणी संपले, फेज गेला, लाईट गेली. मग नाव काहीही असो, वाक्य मोडत नाही. नावानंतरचा स्वल्पविराम टाकला तो एवढ्यासाठीच, की आवाज तिथे किंचित थांबतो आणि नाव पुढच्या शब्दात मिसळत नाही.

नेट नसेल तेव्हा हाच मजकूर एसएमएसने जातो. तिथे जागा मोजून वापरावी लागते. देवनागरीतला एसएमएस 70 अक्षरांचा, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त प्रत्येकी एक अक्षर धरून. 'द्या' मध्ये चार. आमच्या साच्यातला ठरलेला भाग 35 अक्षरांचा होतो आणि नाव दोनदा येतं, म्हणून नावाला 15 अक्षरांची मर्यादा घातली. 'आजीची विहीर' 11 मध्ये बसते. 70 च्या पुढे गेलं की निरोपाचे दोन तुकडे होऊन जातात, बिल दुप्पट होतं, आणि कमजोर रेंजमध्ये एक तुकडा मागे राहिला तर अख्खा निरोप अडकतो. व्यावसायिक एसएमएसचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे एक शब्द बदलला तरी पुन्हा अर्ज. म्हणून मी आता आधी ऐकते आणि मगच अर्ज करते. निरोप पाठवणाऱ्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं फोन सगळ्यात आधी वाचतो, त्यावर आमच्याकडे इलाज नाही. अण्णा म्हणतात, ती अक्षरं म्हणजे दाराची कडी, वाजली की कान देतो.

एसएमएस कधी कधी उशिरा येतो. रेंज नसलेल्या फोनवर तासाभराने 'बोअर बंद' पडतं, तोवर मोटार कधीच चालू केलेली असते. ॲपच्या सूचनेत यावर उपाय जमला: पेटीने नोंदवलेली वेळ आणि आत्ताची वेळ यात दहा मिनिटांहून जास्त फरक असेल तर सुरुवातीलाच 'जुना निरोप' हे दोन शब्द बोलायचे. एसएमएसमध्ये जमत नाही, निघताना तो जुना नसतोच. तिथे वेळ टाकावी तर 23:47 हिंदी आवाजात 'तेईस बजकर' होतं आणि अक्षरात लिहावी तर जागा पुरत नाही. हे अजून तसंच आहे.

चाचणीची पद्धत मात्र पूर्ण बदलली. आधी आम्ही विचारायचो, "काय ऐकू आलं?" माणूस शब्द परत म्हणून दाखवतो आणि आपल्याला वाटतं पोचलं. अण्णाही त्या रात्रीचे शब्द बरोबर म्हणत होते. आता सूचना एकदाच वाजवतो, मध्येच कुठेतरी बोट टेकवून तोडतो, आणि विचारतो, "आता काय कराल?" तीन आवाजांवर: मराठी, हिंदी आणि भारतीय इंग्रजी. इंग्रजी आवाजावर आमचा देवनागरी मजकूर एका फोनवर बोललाच गेला नाही, नुसती टिंग आणि शांतता. त्या ग्राहकांना ॲप पहिल्यांदा उघडल्यावर आम्ही विचारतो की निरोप इंग्रजी अक्षरांत हवा का. तो मजकूर वेगळा लिहावा लागतो, आणि तिथेही 'chalu karu naka' चालत नाही.

परवा अण्णांनी बोअरचं नाव बदललं. बोअर विहिरीपेक्षा खोल, म्हणून 'थोरला'. त्याच नावाने घरात त्यांच्या मोठ्या भावाला हाक मारतात. रात्री साडेबाराला फोन म्हणाला, "थोरला बंद. थोरला, पाणी संपले. बंदच राहू द्या." आतल्या खोलीतून भाऊंचा आवाज आला, "कोण रे मला बंद करू लागलंय?"

अण्णांनी नाव तसंच ठेवलंय.